गाळ्याच्या भाडेवाढीची नोटीस: एका स्क्रीनशॉटवरून उत्तर कसं बनवलं

व्हिडिओत पत्र भराभर वाचून दाखवलं होतं. बऱ्याच जणांनी ते लिखित मागितलं, म्हणून इथे पूर्ण देतोय. ब्लाउज शिवून देणाऱ्या एका ताईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताईंनी एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, यांना एक चांगलं उत्तर द्या ना." स्क्रीनशॉटमध्ये एवढंच होतं: "१ जुलैपासून गाळ्याचे भाडे २४,००० राहील. मान्य नसल्यास ३० दिवसांत गाळा रिकामा करावा."

आता "चांगलं उत्तर" म्हणजे नक्की काय? मालकाला गप्प करणारं की गाळा टिकवणारं? ही दोन वेगवेगळी पत्रं होतात. म्हणून लिहायला घेण्याआधी ताईंना तीन गोष्टी विचारल्या. मेसेजची तारीख काय? (स्क्रीनशॉटमध्ये वरचा भाग कापला गेला होता.) नोंदणी केलेला करार आहे का, असेल तर सगळी पानं पाठवा. आणि तुम्हाला तिथेच राहायचंय का, जास्तीत जास्त किती भाडं झेपेल?

उत्तरं आली. मेसेज १० जून २०२६ चा. लिव्ह अँड लायसन्स करार १ ऑगस्ट २०२४ पासून ३६ महिन्यांचा, नोंदणीकृत. भाडं १८,००० आणि दरवर्षी १ ऑगस्टला ५ टक्के वाढ. लॉक-इन २४ महिने, दोघांवरही बंधनकारक. त्यानंतर कोणीही एक महिन्याची नोटीस देऊ शकतो. ताईंना गाळा सोडायचा नाही, २२,००० पर्यंत जमेल.

आता आकडे बघा. सध्याचं भाडं १८,९००. येत्या १ ऑगस्टपासून करारानुसार १९,८४५. मालक मागतायत २४,०००, म्हणजे सध्याच्या भाड्यावर जवळपास २७ टक्के वाढ, तीही महिनाभर आधी. शिवाय ३० दिवसांची मुदत लॉक-इनच्या आतच संपते. कागदावर ताईंची बाजू भक्कम आहे.

पण खरी मेख लॉक-इनच्या तारखेत आहे. ३१ जुलैला ते संपतं. त्यानंतर मालक साधी एक महिन्याची नोटीस देऊन गाळा मागू शकतात. म्हणजे "करार बघा, एक रुपया वाढणार नाही" असं ठणकावून लिहिलं, तर जून-जुलै जिंकू आणि सप्टेंबरात सामान उचलायची वेळ येईल. म्हणून पत्रात आकड्यावर ठाम राहायचं, आणि थोडं जास्त देऊन एक वर्षाची खात्री विकत घ्यायची.

(जाता जाता: "कायद्याने ४ टक्केच वाढ" असं बरेच जण सांगतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली ती तरतूद जुन्या भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये करारात लिहिलेला आकडाच चालतो. पत्रात ४ टक्के लिहिलंत तर समोरचा वकील पहिलं तेच खोडेल.)

पत्र असं झालं:

"सप्रेम नमस्कार. आपला १० जूनचा मेसेज मिळाला. आपल्या नोंदणीकृत करारानुसार सध्याचे भाडे रु. १८,९०० असून पुढील वाढ १ ऑगस्ट २०२६ पासून ५ टक्के, म्हणजे रु. १९,८४५ अशी ठरली आहे. लॉक-इन ३१ जुलैपर्यंत आहे. त्यामुळे जुलैचे भाडे मी रु. १८,९०० प्रमाणे नेहमीच्या तारखेला बँकेत जमा करीन.

आपला खर्च वाढला असेल, हे मी समजू शकते. लॉक-इन ३१ जुलै २०२७ पर्यंत वाढवल्यास १ ऑगस्टपासून रु. २०,५०० देण्यास मी तयार आहे. त्यासाठी पुरवणी करार करून त्याची नोंदणी करू. येत्या आठवड्यात भेटीची वेळ कळवावी."

२२,००० चा उल्लेख कुठेच नाही, हे लक्षात आलं का? ती ताईंची शेवटची पायरी. ती पत्रात लिहिली की बोलणी तिथूनच सुरू होतात. २०,५०० म्हणजे करारापेक्षा महिन्याला ६५५ जास्त, वर्षाला ७,८६०. अगदी २२,००० ला गेलं तरी वर्षाला २५,८६० जास्त. समोर ठेवा दुसरीकडे नवीन फर्निचर, बोर्ड आणि तुटणारं गिऱ्हाईक. ही तुलना ताईंनीच केली आणि हो म्हणाल्या.

पत्र व्हॉट्सअॅपवर पाठवलं आणि सहीची प्रत स्पीड पोस्टाने, करारातल्या पत्त्यावर. "सध्या २४,००० भरते, मग बघू" असं मात्र करू नका. एकदा भरलंत की वाढ मान्य केली असं दाखवायला समोरच्याला पुरावा मिळतो. मालकांनी रोख भाडं घ्यायला नकार दिला, तरी रक्कम खात्यात टाका आणि पावती जपा. मेसेजऐवजी वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस आली असेल, तर हे पत्र वापरू नका, करार घेऊन आपल्या वकिलाकडे जा.

करारच नसेल तर? कायद्याने लेखी करार आणि नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. अशा वेळी आजवर बँकेतून दिलेल्या भाड्याच्या नोंदीच तुमचा आधार. त्यांचं स्टेटमेंट आधी काढा, पत्र नंतर लिहा.