परिच्छेद क्रमांक ३

मढच्या घरी मी हरेश्वर, पण दहावीच्या गुणपत्रिकेत नुसता हरेश! राजपत्रात नावबदल छापण्यासाठी प्रतिज्ञापत्र लिहायला बसलो. १ : वय, पत्ता. २ : जुने नाव कोणत्या कागदांवर आहे. ३ : 'शाळेच्या कारकुनाने चूक केली.'

वर्सोव्याच्या वकीलकाकांनी तिसऱ्यावरच बोट ठेवलं. "तू पाहिलंस?" नाही. मग हा झाला तर्क, तो शपथेवर कसा सांगणार? नवा ३ : 'हरेश व हरेश्वर ही माझीच नावे आहेत.' ४ : 'यापुढे हरेश्वर हेच नाव वापरीन.' एका परिच्छेदात एकच गोष्ट, म्हणजे ती कागदाशी ताडून बघता येते.

आणि हो, सही घरून करून नेऊ नका, नोटरीसमोरच करा. माझी पहिली प्रत त्यातच फुकट गेली.