जवसाची चटणी की माशाची कॅप्सूल?

प्रश्न : घरात मासे चालत नाहीत. ओमेगा थ्रीसाठी रोज जवसाची चटणी आणि अक्रोड पुरतील का? की कॅप्सूल घ्यावी? – एक वाचक, घाटकोपर

उत्तर : जवस आणि अक्रोड यांतून मिळते ते एएलए. माशाच्या तेलात असतात ईपीए आणि डीएचए. शरीर एएलएपासून ही दोन्ही बनवते, पण फार थोडी; डीएचए तर जेमतेम.

मोठा चमचाभर जवसपुडीत सुमारे दीड ग्रॅम एएलए असते, मूठभर अक्रोडात अडीच ग्रॅम. एएलएची रोजची गरज तेवढ्यात भागते. मात्र अख्खे जवस बरेचदा न पचताच बाहेर पडतात, म्हणून ते मंद भाजून कुटावेत. मुंबईच्या दमट हवेत पूड लवकर खवट होते. आठवड्यापुरतीच करून फ्रीजमध्ये ठेवावी. रंगाच्या डब्यासारखा वास आला की सरळ फेकावी.

डीएचए हवेच असेल, विशेषतः गरोदरपणात, तर शैवाल तेल घ्यावे. मासेही डीएचए शैवालांतूनच मिळवतात! हजार मिलिग्रॅमच्या साध्या मासेतेल-कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून ३००च्या आसपास असते, त्यामुळे पुढचा मोठा आकडा पाहून भुलू नये. मागचा तक्ता वाचावा. शैवाल तेलाच्या पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण हवीच, कारण कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असू शकते. शैवाल तेल तुलनेने महाग पडते, हे खरे.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर कुठलीही कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.