परताव्यातले व्याज कुठे दाखवायचे?

प्रश्न : आमच्या भागीदारी फर्मच्या खात्यात नोव्हेंबरमध्ये प्राप्तिकराचा परतावा म्हणून ४१,६०० रुपये जमा झाले. पुस्तकात येणे मात्र ४०,००० रुपयेच दिसते. नोंद कशी करावी?

उत्तर : वरचे १,६०० रुपये हे खात्याने दिलेले व्याज आहे. विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का मिळतो. ४०,००० वर महिना २०० रुपये, आठ महिन्यांचे १,६००. तरी आपल्या गणितावर विसंबू नका. प्राप्तिकर खात्याच्या सूचनापत्रात मूळ परतावा आणि व्याज वेगळे दिलेले असते, तेच आकडे घ्या.

बँक खाते ४१,६०० ने नावे करा. ‘टीडीएस येणे’ खात्यात ४०,००० जमा करा, म्हणजे ते शून्यावर येईल. उरलेले १,६०० ‘प्राप्तिकर परताव्यावरील व्याज’ या उत्पन्न खात्यात जमा करा.

सगळी रक्कम ‘येणे’ खात्यात टाकली, तर तिथे १,६०० ची उलटी, म्हणजे जमा बाकी दिसते. याउलट सगळीच उत्पन्नात धरली, तर नफा फुगतो आणि मिळून गेलेले येणे ताळेबंदात तसेच लोंबकळत राहते. माझ्या मते ही दुसरी चूक अधिक महाग, कारण आपलाच जादा भरलेला कर परत मिळणे हे उत्पन्न नव्हे. व्याज मात्र करपात्र आहे. ते ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात दाखवा. वार्षिक माहितीपत्रकात खात्याला ते दिसतेच.

जुनी थकबाकी वळती झाली असेल, तर बँकेत रक्कम कमी येईल. तरीही व्याज पूर्णच दाखवायचे.