किती खेपा आणि कितवी खेप

प्रश्न : वारासिवनीच्या एका भातगिरणीत मी आवक लिहितो. आसपासच्या गावांतून धान ट्रॅक्टर-ट्रॉलीने येतं आणि एकाच गावाची ट्रॉली हंगामात अनेकदा येते. प्रत्येक नोंदीपुढे ती त्या गावाची पहिली खेप, दुसरी की तिसरी, हे मला हवं असतं, कारण पहिल्या खेपेचा नमुना राखून ठेवावा लागतो आणि पुढच्या खेपांचा ओलावा त्याच्याशी ताडून पाहावा लागतो. एक्सेलमध्ये COUNTIF लावलं, तर रामपायलीच्या प्रत्येक रांगेत ३ येतात. मला १, २, ३ हवेत. काय चुकतं आहे?

उत्तर : सूत्र चुकलेलं नाही, प्रश्न वेगळा विचारला गेला आहे. मराठीत आपण 'किती' आणि 'कितवा' हे दोन शब्द वेगळे ठेवतो. तुमच्या सूत्राने 'रामपायलीच्या एकूण किती खेपा' हे सांगितलं. तुम्हाला हवं आहे 'ही कितवी खेप'. COUNTIF ला फक्त मोजता येतं, क्रम लावता येत नाही. पण मोजणी कुठे थांबवायची हे त्याला सांगितलं, की 'किती'चं 'कितवी' होतं.

कागदाच्या वहीत तुम्ही हे कसं केलं असतं ते आठवा. ९ डिसेंबरच्या ओळीवर रामपायलीची खेप कितवी, हे पाहायला तुम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवाल, खाली सरकत 'रामपायली' दिसेल तिथे एक-दोन म्हणाल आणि ९ डिसेंबरच्या ओळीवर थांबाल. त्याखालच्या ओळी पाहायचं कारणच नाही. सूत्रालाही हेच सांगायचं : वरच्या टोकापासून या ओळीपर्यंत मोज.

नमुन्याला आठ नोंदी घेऊ. A मध्ये तारीख, B मध्ये गाव, C मध्ये पोती आणि D मध्ये खेप. पहिली रांग मथळ्याची आहे, त्यामुळे नोंदी दुसऱ्या रांगेपासून सुरू होतात.

| रांग | तारीख | गाव | पोती | खेप |
|---|---|---|---|---|
| २ | ३ डिसें. | रामपायली | ४० | १ |
| ३ | ३ डिसें. | लालबर्रा | २५ | १ |
| ४ | ५ डिसें. | रामपायली | ३० | २ |
| ५ | ६ डिसें. | कटंगी | ५५ | १ |
| ६ | ८ डिसें. | लालबर्रा | ४० | २ |
| ७ | ९ डिसें. | रामपायली | २० | ३ |
| ८ | १२ डिसें. | खैरलांजी | ३५ | १ |
| ९ | १३ डिसें. | कटंगी | ४५ | २ |

D2 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा :

```
=COUNTIF($B$2:B2,B2)
```

सगळं काम डॉलरच्या चिन्हावर आहे. `$B$2` हे टोक खिळ्याने ठोकलेलं आहे, सूत्र कितीही खाली ओढलं तरी ते हलत नाही. `B2` हे दुसरं टोक मोकळं आहे, म्हणून ते सूत्राबरोबर खाली उतरतं. सातव्या रांगेत सूत्र `=COUNTIF($B$2:B7,B7)` असं होतं, म्हणजे 'दुसऱ्या रांगेपासून सातव्यापर्यंत रामपायली किती वेळा'. उत्तर ३. चौथ्या रांगेत तेच सूत्र `B4` पर्यंतच पाहतं, म्हणून तिथे २ येतात. पट्टा प्रत्येक रांगेला एका घराने लांबत जातो.

तुमच्या पत्रातल्या सूत्रात दोन्ही टोकांना डॉलर होता, म्हणून प्रत्येक रांग पूर्ण यादी मोजत होती. उलट चूकही होते : एकाही टोकाला डॉलर नसला तर पट्टा लांबत नाही, नुसता खाली सरकतो. प्रत्येक रांग मग स्वतःचंच घर मोजते आणि सगळीकडे १ येतो. समूहात सगळीकडे एकच मोठा आकडा आला तर डॉलर जास्त झाला, सगळीकडे १ आला तर डॉलर राहिला, असं समजा.

आकड्याऐवजी शब्द हवे असतील तर शेजारच्या स्तंभात हे चालेल :

```
=CHOOSE(MIN(D2,4),"पहिली","दुसरी","तिसरी","पुढची")
```

प्रश्न : कधीकधी पावती उशिरा मिळते आणि जुन्या तारखेची खेप शेवटी लिहावी लागते. तेव्हा क्रम बिघडेल का?

उत्तर : बिघडेल. या सूत्राला तारीख दिसत नाही, फक्त जागा दिसते. त्याची 'पहिली' म्हणजे तक्त्यात सर्वांत वरची, दिवसाने सर्वांत आधीची नव्हे. रामपायलीची ४ डिसेंबरची खेप तुम्ही दहाव्या रांगेत लिहिलीत तर तिला ४ मिळतील. प्रत्यक्षात ती दुसरी खेप आहे. ५ तारखेची तिसरी आणि ९ तारखेची चौथी व्हायला हवी.

याचे दोन उपाय आहेत. तक्ता तारखेप्रमाणे लावून घ्या, सूत्र आपोआप नव्या जागांप्रमाणे मोजेल. पण याचाच दुसरा अर्थ असा, की कोणी तक्ता पोत्यांच्या संख्येप्रमाणे लावला तर खेपांचे क्रमांकही मुकाट्याने बदलतील. छापून दिलेल्या पावतीवर क्रमांक टाकायचा असेल तर तो सूत्र म्हणून ठेवू नका. स्तंभ कॉपी करून 'फक्त मूल्ये' म्हणून चिकटवा.

तक्त्याची मांडणी हलवायचीच नसेल तर तारखेला सूत्रात घ्या :

```
=COUNTIFS($B$2:$B$500,B2,$A$2:$A$500,"<"&A2)
 +COUNTIFS($B$2:B2,B2,$A$2:A2,A2)
```

पहिला भाग त्याच गावाच्या आधीच्या तारखांच्या सगळ्या खेपा मोजतो, मग त्या वर लिहिलेल्या असोत वा खाली. दुसरा भाग फक्त त्याच दिवसाच्या खेपांसाठी आहे. तिथे लांबत जाणारा पट्टा आहे, म्हणून एका दिवशी दोन ट्रॉल्या आल्या तरी दोन्हींना एकच क्रमांक मिळत नाही. नोंदी ५०० व्या रांगेपुढे जाणार असतील तर आकडा आधीच वाढवून ठेवा.

हाच COUNTIFS आणखी एका गरजेला उपयोगी पडतो. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोर आणि साधं धान एकाच ढिगात मोजायचं नसेल तर समूह 'गाव' नसून 'गाव आणि वाण' असा होतो. वाण E मध्ये लिहिलं असेल तर :

```
=COUNTIFS($B$2:B2,B2,$E$2:E2,E2)
```

दोन्ही पट्टे एकाच रांगेपासून सुरू होऊन एकाच रांगेला संपले पाहिजेत, नाहीतर एक्सेल चूक दाखवतं किंवा उत्तरच चुकतं.

प्रश्न : कटंगीची दुसरी खेपही सूत्र पहिलीच दाखवतं. नाव तर बरोबर लिहिलं आहे.

उत्तर : डोळ्याला बरोबर दिसतं, पण बहुधा एका नोंदीत नावामागे एक मोकळी जागा पडली आहे. 'कटंगी' आणि मागे जागा असलेलं 'कटंगी' ही COUNTIF साठी दोन वेगळी गावं आहेत. एका पाळीच्या माणसाने 'काटंगी' लिहिलं तरी तेच होईल.

हे पकडायला एक ताळा लावा. प्रत्येक समूहात १ हा आकडा एकदाच येतो, म्हणून १ जितक्या वेळा आला तितकी वेगळी गावं :

```
=COUNTIF(D2:D9,1)
```

आपल्या तक्त्यात उत्तर ४ यायला हवं, कारण गावं चारच आहेत. ५ आलं तर कुठेतरी एकाच गावाची दोन नावं झाली. TRIM सूत्राने पुढच्या-मागच्या जागा काढता येतात. पण गावांची एक यादी करून B मध्ये फक्त त्यातूनच निवडता येईल अशी सोय केलीत, तर चूक शिरतच नाही.

याच्या उलटही घडतं, वेगळ्या नोंदी एक होतात. COUNTIF ला आकड्यासारखा दिसणारा मजकूर आकडाच वाटतो. म्हणून '007' आणि '7' त्याला सारखेच. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं, त्यामुळे सोळा किंवा जास्त अंकांचे दोन बँक खाते क्रमांक शेवटच्या अंकांतच वेगळे असतील तर COUNTIF ते एकच मानतं, मजकूर म्हणून लिहिले असले तरीही. मध्य प्रदेशातला नऊ अंकी समग्र क्रमांक किंवा बारा अंकी आधार क्रमांक यात अडकत नाही. लांब खाते क्रमांकाप्रमाणे खेपा मोजायच्या असतील तर F मध्ये ते मजकूर म्हणून ठेवा आणि हे सूत्र घ्या :

```
=SUMPRODUCT(--($F$2:F2=F2))
```

पट्टा तसाच लांबत जातो, पण तुलना मजकुराची मजकुराशी होते.

प्रश्न : मागच्या काही हंगामांच्या नोंदी एकत्र केल्या तर फाईल फार हळू चालते.

उत्तर : त्याचं कारणही त्या लांबत जाणाऱ्या पट्ट्यातच आहे. दहाव्या रांगेला नऊ घरं पाहावी लागतात, वीस हजाराव्या रांगेला जवळजवळ वीस हजार. सगळी बेरीज केली तर वीस हजार नोंदींना सुमारे २० कोटी तुलना होतात. नोंदी दुप्पट झाल्या की काम चौपट होतं.

एवढ्या मोठ्या तक्त्यात बोट पहिल्या ओळीपर्यंत नेण्याची गरजच राहू देऊ नका. आधी गाव आणि मग तारीख असा तक्ता लावा. एका गावाच्या सगळ्या खेपा सलग येतील आणि फक्त वरची एक ओळ पाहणं पुरेल :

```
=IF(B2=B1,D1+1,1)
```

वरच्या ओळीत तेच गाव असेल तर तिच्या क्रमांकात एक मिळवा, नसेल तर १ पासून सुरू करा. वीस हजार रांगांना वीस हजारच तुलना. मात्र हे सूत्र लावलेल्या मांडणीवरच खरं आहे. मांडणी मोडली तर उत्तरही मोडतं.

शेवटी रोजच्या वहीबद्दल. दुसऱ्या रांगेच्या वर नवी रांग घातलीत तर `$B$2` चं `$B$3` होतं आणि ती नवी नोंद पट्ट्याबाहेर राहते. म्हणून पट्टा मथळ्यापासून सुरू करा : `=COUNTIF($B$1:B2,B2)`. 'गाव' हा मथळा कोणत्याही गावाच्या नावाशी जुळणार नाही, मोजणी तीच राहील आणि खिळा मात्र हलणार नाही. एक्सेलच्या 'टेबल' स्वरूपात नोंदी ठेवत असाल तर शेवटी नवी रांग जोडताना वरच्या रांगेतला पट्टाही खाली ताणला जातो आणि तिचा क्रमांक चुकू शकतो. तिथे हे लिहा :

```
=COUNTIF(INDEX([गाव],1):[@गाव],[@गाव])
```

यात सेलचा पत्ताच नाही. 'गाव' स्तंभाच्या पहिल्या घरापासून या ओळीच्या गावापर्यंत, असं सरळ सांगितलेलं आहे. वहीवर बोट ठेवताना तुम्हीही पत्ता पाहत नाही, पहिली ओळ आणि आजची ओळ एवढंच पाहता.