खिडकीचे गज

खिडकीला गज आहेत, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण दोन गजांत अंतर किती?

आमच्या शेजारी ते सहा इंच होते. दोन वर्षांची नात पायांकडून बाहेर सरकली, डोके अडकले. आजीने वेळीच धरली म्हणून बरे.

अंतर चार इंचांच्या आत हवे. आम्ही मधोमध अर्धा इंच जाडीची सळई बसवली. दोन्हीकडे पावणेतीन इंच राहिले. वारा येतोच.

चौकटीत वरचे भोक सव्वा इंच खोल पाडले, खालचे अर्धा इंच. सळई खिडकीच्या उंचीहून एक इंच लांब घेतली. आधी वर सारली, मग खालच्या भोकात सोडली. पोराने उचलू नये म्हणून वर लाकडी पाचर ठोकली.

आडवे गज नकोत बरं का, पोरे शिडीसारखी चढतात. खिडकीखाली पेटी होती, तीही हलवली.