लघुपटाची शीर्षकपट्टी : नाव दिसण्याआधी सूर लागला पाहिजे

मुलांनी केलेले लघुपट पाहिले तर बहुतेकांची सुरुवात सारखीच असते. काळा पडदा, गिरक्या घेत येणारं नाव आणि मोबाईलच्या ॲपमधलं तयार संगीत. नाव वाचता येतं, पण पुढची गोष्ट हसायची आहे की गप्प बसून पाहायची, हे काही कळत नाही. शीर्षकपट्टीचं खरं काम तेच आहे.

सॉल बास या अमेरिकन आरेखकाने हिचकॉकच्या 'सायको' (1960) साठी फक्त आडव्या-उभ्या पट्ट्या वापरल्या. पट्ट्या सरकतात, नावांची अक्षरं तुटतात, जुळतात, पुन्हा तुटतात. सुरा नाही, रक्त नाही, तरी प्रेक्षक अस्वस्थ होतो. मुलांना दाखवायचं ते हे : गोष्ट सांगायची नाही, तिचा स्वभाव दाखवायचा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, सहा मिनिटांचा लघुपट आहे, नाव 'मुक्कामी'. गावात रात्री मुक्कामाला येणारी एसटी बंद होणार आहे. चालक-वाहकांना रोज भाकरी देणारी आजी शेवटच्या रात्री ताट झाकून वाट पाहते.

आधी मुलांकडून एकच वाक्य लिहून घ्या : पहिल्या वीस सेकंदांत प्रेक्षकाला काय वाटलं पाहिजे? 'एसटी बंद होते याचं दुःख' हे उत्तर चालणार नाही, कारण ते तर शेवटी कळायचं आहे. 'अंधारात कुणाची तरी वाट पाहणं' हे चालेल. या वाक्यावरूनच कल्पना सुचते. अंधारी भिंत, रातकिड्यांचा आवाज. लांबून गाडीचा दिवा येतो, उजेड भिंतीवरून सरकतो आणि तेवढाच वेळ भिंतीवर रंगवलेलं 'मुक्कामी' दिसतं. पुन्हा अंधार. संगीत नकोच, इंजिनाचा आवाज पुरे.

अक्षर कोणतं? मुलं बहुधा थरथरणारी, ठिबकणारी अक्षरं निवडतात. ती भुताच्या गोष्टीची. 'बलू'सारखा गुबगुबीत फाँट बालनाट्याला शोभतो. इथे आठवायची ती रंगाऱ्याने चपट्या ब्रशने लिहिलेली गावाची पाटी. मग फाँट शोधण्यापेक्षा लिहूनच काढा. काळ्या कार्डशीटवर एक इंची चपटा ब्रश आणि पांढरा पोस्टर कलर घेऊन तेच नाव दहा-बारा वेळा लिहा आणि फार सुबक आलेलं बाजूला ठेवा. निवडलेलं पान अंधाऱ्या खोलीत भिंतीला लावून एका मुलाने बाजूने टॉर्च सरकवायची, दुसऱ्याने मोबाईल स्टँडवर ठेवून चित्रित करायचं. मोबाईलचं एक्स्पोजर मात्र लॉक करा. नाहीतर अंधार झाला की कॅमेरा आपणहून चित्र उजळतो, त्यात दाणे दिसतात आणि सगळी मजा जाते.

संगणकावर टाइप करायचं असेल तर देवनागरीच्या दोन गोष्टी सांभाळा. पहिली, जोडाक्षर. काही संपादन सॉफ्टवेअर 'क्क' जोडत नाहीत, पाय मोडलेला 'क्' आणि सुटा 'क' दाखवतात. असं दिसलं तर फाँट बदलत बसू नका, बहुधा दोष सॉफ्टवेअरच्या अक्षरजुळणीचा असतो. नाव इंकस्केपसारख्या ठिकाणी नीट जुळवून पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करा आणि तेच व्हिडिओत आणा. दुसरी, शिरोरेषा. इंग्रजी चित्रपटांची नावं अक्षरांत अंतर सोडून ऐसपैस मांडलेली असतात; मुलं तेच मराठीत करतात आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. 'सायको'सारखी मोडतोड दाखवायची असेल तर जरूर तोडा. 'मुक्कामी'त मात्र ती अखंड हवी, उजेड तिच्यावरूनच तर सरकत जाणार! ऐसपैसपणा हवाच असेल तर अक्षर लहान करा, भोवती काळी जागा जास्त ठेवा. एकेक अक्षर उडत आणणारे इफेक्टही टाळावेत, कारण बऱ्याचदा उकार आणि वेलांटी आपल्या अक्षराला सोडून वेगळ्याच येतात.

वेळेचं गणित सोपं आहे. नाव सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ते पडद्यावर हवं. 'मुक्कामी'ला चार सेकंद, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 100 फ्रेम. बाकी सोळा सेकंदांत अंधार, आवाज आणि फार तर दोन नावं. ती साध्या, बारीक फाँटमध्ये, 'मुक्ता' चालेल. बाकी सगळी मंडळी शेवटी. (इथे पालकांची नाराजी येते, ती सोसावी लागते!) कडेपासून साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडा.

शेवटी, गोष्ट माहीत नसलेल्या तिघा-चौघांना फक्त ही वीस सेकंदं मोबाईलवर, हातभर अंतरावरून दाखवा आणि विचारा, "पुढे काय होईल असं वाटतं?" "कुणीतरी येणार आहे" असं उत्तर आलं तर पट्टी जमली. "भुताचा पिक्चर आहे का?" असं आलं तर अक्षराला हात लावू नका, आधी टॉर्चचा वेग कमी करून पाहा आणि रातकिड्यांचा आवाज थोडा खाली घ्या.