चाळीस मिनिटांत मोजकी आसनं

एका शाळेत सहावीच्या वर्गाचा योगाचा तास चालू होता. तास दुसरे प्रशिक्षक घेत होते, मी मदतनीस म्हणून मागे उभी होते. पश्चिमोत्तानासनाची पाळी आली तेव्हा त्यांनी मुलांना सांगितलं की जितकं जास्त वाकाल तितकं पोट कमी होईल. वर्गातला अंगाने थोडा जाड असा एक मुलगा दात-ओठ खात पायाच्या अंगठ्याकडे झेपावू लागला. शेजारच्या मित्राला वाटलं आपण मदत करावी, म्हणून त्याने पाठीवर दोन्ही हात ठेवून दाबलं. मी पोचेपर्यंत तो मुलगा कळवळून आडवा झाला होता. मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढे बरेच दिवस तो लंगडत शाळेत येत होता.

दुखापत त्या दाबण्यामुळे झाली हे खरं, पण तिची सुरुवात त्या एका वाक्यात होती. आसन कशासाठी करायचं हे मुलांना जसं सांगाल, तसं मुलं ते करतात. पोट कमी होतं म्हटलं की ती जोर लावणार, उंची वाढते म्हटलं की टाचा तुटेस्तोवर ताणणार. उंची ठरते ती मुख्यतः आनुवंशिकतेने आणि आहाराने, ताडासनाने नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं, ते आसन-प्राणायामाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी. आपल्यापाशी प्रयोगशाळा नाही, पण मुलाच्या अंगाशी तपासता येईल एवढंच सांगायचं, हा नियम आपणही पाळू शकतो. मी प्रत्येक आसनाला एकच वाक्य ठेवते आणि त्यात ‘कुठे जाणवायला हवं’ हे असतंच.

पाचवीच्या साधारण चाळीस मुलांचा तास समोर धरून नियोजन सांगते. जागा म्हणजे शाळेचं सभागृह, खाली सतरंज्या.

पहिला प्रश्न तास कधी ठेवायचा हा. पोषण आहाराची खिचडी खाऊन लगेच आलेल्या मुलांकडून पोटावर झोपून किंवा पुढे वाकून काहीही करून घेऊ नये, मळमळतं आणि उलटी होते. पोटभर जेवणानंतर अडीच-तीन तास जायला हवेत. म्हणून मोठ्या सुट्टीच्या आधीचा तास मागून घ्यावा. तो मिळालाच नाही तर त्या दिवशी फक्त उभ्याने करायचे हलके प्रकार आणि श्वास एवढंच घ्यावं. आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना तीन गोष्टी विचाराव्यात: दमा किंवा फिट्स कुणाला आहेत, अलीकडे कुणाचं हाड मोडलं आहे का, कुणाचं ऑपरेशन झालं आहे का. स्कर्ट घालणाऱ्या मुलींना आत लेगिंग घालून यायला आदल्या दिवशीच सांगावं. ऐनवेळी सांगितलं तर त्या तासभर स्कर्ट सावरत बसतात.

दुसरा प्रश्न किती आसनं घ्यायची. २१ जूनच्या योग दिनासाठी आयुष मंत्रालयाने आखलेला सामान्य योगाभ्यास ४५ मिनिटांचा आहे. त्यात डझनाहून जास्त आसनं, कपालभाती, प्राणायाम, ध्यान असं सगळं येतं. तोच क्रम तासाला बसवण्याची धडपड अनेक शाळांत दिसते. चाळीस मिनिटांचा तास प्रत्यक्षात चौतीस-पस्तीस मिनिटांचाच असतो, कारण बूट काढून रांगेत बसेपर्यंत पाच मिनिटं जातात. तेवढ्यात बारा-पंधरा आसनं घेतली की प्रत्येकाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात आणि कुणाचा गुडघा कुठे वळला हे पाहायला शिक्षकाला सवड उरत नाही. मी सहाच आसनं घेते, शिवाय श्वासाचा एक प्रकार आणि शवासन. शीर्षासन, हलासन, सर्वांगासन मोठ्या वर्गात घेतच नाही. मानेवर भार येणाऱ्या आसनात प्रत्येक मुलाजवळ एक मोठं माणूस हवं. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणंही या वयात वगळते.

पहिली पाच मिनिटं बसण्यात जातात. त्यातच एक नियम सांगून टाकते: कुणी कुणाला हात लावायचा नाही, आणि दुखलं तर न विचारता आसन सोडायचं. पुढची सहा मिनिटं सांधे मोकळे करायला. घोटे, गुडघे, कंबर, खांदे, मनगटं असं खालून वर जायचं. मान फक्त उजवी-डावी आणि वर-खाली, गोल फिरवायची नाही. मुलं ती गरागरा फिरवतात आणि चक्कर येते.

मग नऊ मिनिटं उभ्याने. ताडासनाला तीन मिनिटं पुरतात. वाक्य असं: “दप्तराने पाठीला जो बाक येतो तो आत्ता सरळ करायचा, बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना ताण जाणवला पाहिजे.” पाऊल पूर्ण टेकवून एकदा, टाचा उचलून दोनदा.

वृक्षासनाला मात्र मी सहा मिनिटं देते, कारण ते का करायचं हे मुलं इथे स्वतः शोधू शकतात. आधी समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत एका पायावर उभं राहायला सांगते. दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला किंवा मांडीला टेकवायचा, गुडघ्याला नाही, कारण गुडघा बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी घडलेला नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी अंगठा जमिनीवर ठेवून टाच घोट्याला टेकवली तरी चालतं. दोन्ही बाजू झाल्या की सांगते, “आता दोन सेकंद डोळे मिटा.” क्षणात सगळा वर्ग डुलतो. मग विचारते, काय बदललं? तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय असे तिघं एकत्र काम करतात आणि त्यातला एक आपण काढून घेतला, हे त्यांना पटकन कळतं. “पडलो” म्हणून ओरडणाऱ्याला मी सांगते की तळपाय जी सारखी धडपड करतोय तोच त्याचा व्यायाम आहे. त्यानंतर न हललेल्याला शाबासकी आणि हललेल्याला हसणं, हे दोन्ही वर्गातून आपोआप कमी होतं.

जमिनीवरच्या आसनांना अकरा मिनिटं. आधी मार्जारासन, दोन मिनिटं: श्वास घेताना पाठ खाली, सोडताना पाठ वर, “पाठीचा एकेक मणका हलवून जागा करायचा” एवढंच सांगायचं. मग तीन मिनिटं भुजंगासन. मुलं इथे हात ताठ करून वर उठतात आणि सगळा बाक कंबरेत येतो. म्हणून आधी तळहात जमिनीवरून एक इंच उचलून छाती वर घ्यायला लावते. जेवढी छाती हाताविना उठली, तेवढीच त्यांच्या पाठीची ताकद. मग हात टेकवून तेवढ्यावरच थांबायचं, कोपर किंचित वाकलेलं, बेंबी जमिनीला, खांदे कानापासून लांब. वाक्य: “वाकून वाकून लिहिताना जे स्नायू ढिले पडतात ते पाठीचे स्नायू कामाला लावायचे, खांद्यांच्या मध्ये जाणवलं पाहिजे.” कंबरेत टोचलं तर खाली यायचं. लगेच मिनिटभर शशांकासनात पाठ सैल सोडायची.

उरलेली पाच मिनिटं पश्चिमोत्तानासनाला, ज्यात तो अपघात झाला होता. दहा-बारा वर्षांच्या मुलांची उंची झपाट्याने वाढत असते आणि दिवसभर बाकावर गुडघे दुमडून बसणं असतं, त्यामुळे पुष्कळांच्या मांड्यांचे मागचे स्नायू ताठ असतात. पाय सरळ ठेवून बसलं की कंबर मागे कलते आणि मूल पाठ गोल करून हात पुढे नेतं. अंगठा हाताला लागतो, पण ताण जिथे यायला हवा तिथे न येता कंबरेत आणि गुडघ्यामागे येतो.

यावर उपाय असा: सतरंजीची कड तीन-चार घड्या करून त्यावर बसायचं, म्हणजे कंबर पुढे कलते. गुडघे चांगले वाकवून पोट मांड्यांना टेकवायचं. पोट आणि मांडी सुटू न देता टाचा हळूहळू पुढे सरकवायच्या. मांडीच्या मागे मधोमध ओढ लागली की थांबायचं आणि पाच श्वास तिथेच राहायचं. गुडघे वाकलेले राहिले तरी आसन पूर्णच. हात नडगीपर्यंत पोचोत नाही तर घोट्यापर्यंत. वाक्य: “पळताना पाय लांब पडावा म्हणून मांडीची मागची बाजू सैल करतोय.” ओढ गुडघ्याच्या खोबणीत किंवा बसायच्या हाडाशी लागली तर गुडघे आणखी वाकवायचे.

ताण जास्त झाला हे ओळखायला मी मुलांना आसनातच आपलं नाव म्हणायला लावते. नाव सहज निघालं तर ठीक. आवाज दाबून आला किंवा आलाच नाही, तर श्वास अडलाय आणि मूल मर्यादेपलीकडे गेलंय. चाळीस मुलांचे चेहरे एकदम पाहता येत नाहीत, पण चाळीस आवाजांतला अडलेला आवाज कळतो. जी मुलं न सांगता पाय कानाला लावतात त्यांच्याकडेही लक्ष हवं. त्यांचे सांधे मुळातच सैल असतात. त्यांना पुढे करून दाखवायला लावू नये, उलट थोडं आधीच थांबायला सांगावं.

मग तीन मिनिटं भ्रामरी, पाच-सहा वेळा. गुणगुणताना श्वास लांबवर आणि हळू सुटतो, आणि हळू सुटणाऱ्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके संथ होतात. मुलांनी मनगटावर बोट ठेवलं तर पुष्कळांना ते कळतं. कान बोटांनी दाबून धरायचे नाहीत, नुसते हलके झाकायचे.

शवासनाला चार मिनिटं. “गप्प पडा” म्हटलं की खुसखुस सुरू होते, म्हणून एक हात पोटावर ठेवून तो वर-खाली होताना दहापर्यंत मोजायला सांगते आणि दहा झाले की पुन्हा एकपासून. डोळे मिटलेच पाहिजेत असा आग्रह नसतो, काही मुलांना अनोळखी खोलीत डोळे मिटायची भीती वाटते. उठताना कुशीवर वळून, हाताच्या आधाराने. झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटची दोन मिनिटं बूट घालायला.

तास उशिरा सुरू झाला, आधीच्या बाईंनी पाच मिनिटं जास्त घेतली, असं नेहमी होतं. तेव्हा सांधे मोकळे करणं गाळू नका आणि शवासनही गाळू नका. आधी ताडासन सोडा, मग भुजंगासन आणि त्यासोबत शशांकासन. त्याहून वेळ कमी असेल तर वृक्षासन एकाच पद्धतीने घ्या, पण दोन्ही पायांवर. पश्चिमोत्तानासनाला पाच मिनिटं देता येत नसतील, तर त्या दिवशी ते घेऊच नका.